पाळी गेल्यानंतर खाली सतत खाज सुटते? आधी तपासणी, मग मलम

पन्नाशी-साठीनंतर लघवीच्या जागेला बाहेरून खाज सुटली की बहुतेक घरांत उपाय ठरलेले असतात. आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशकाचं झाकण, मग कडुनिंबाचा पाला किंवा तुरटीचं पाणी, आणि त्यानंतर मेडिकलवाल्याकडून फंगसची ट्यूब. कुणाला विचारलंच तर उत्तर मिळतं, "पाळी गेली की कोरडं पडतंच, सगळ्यांना होतं." यात कोणीही ती जागा पाहिलेली नसते. हा लेख त्या पाहण्याबद्दल आहे: स्वतः काय पाहायचं, डॉक्टरांना काय दाखवायचं, आणि निदान झाल्यावर मलम नेमकं किती आणि किती दिवस लावायचं.

लेखाचा भर लायकेन स्क्लेरोसस या त्वचारोगावर आहे. पाळी गेल्यानंतर तिथल्या चिवट खाजेमागे तो वारंवार सापडतो, तरीही तो वर्षानुवर्षं फंगस किंवा कोरडेपणा म्हणून खपून जातो. तो संसर्गजन्य नाही, लैंगिक संबंधातून येत नाही, अस्वच्छतेमुळेही होत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच त्वचेला सुजवते, असं त्यामागचं कारण मानलं जातं. म्हणूनच थायरॉइडचा आजार किंवा कोड असलेल्या बायकांमध्ये तो जास्त दिसतो.

१. खाज नेमकी कुठे आहे ते आरशात पाहा

बोलताना आपण सगळ्याच जागेला एक नाव देतो, पण इथे फरक करावा लागतो. योनी म्हणजे आतला मार्ग. त्याच्या बाहेर जाड ओठ, त्यांच्या आत पातळ ओठ, वरच्या टोकाला त्वचेच्या टोपीखाली झाकलेला दाणा (शिश्निका), आणि खाली गुदद्वारापर्यंतची त्वचा. लायकेन स्क्लेरोसस या बाहेरच्या त्वचेचा आजार आहे, तो योनीच्या आत जात नाही. त्यामुळे फक्त आत ठेवायच्या गोळ्यांनी तो बरा होत नाही.

दिवसा उजेडात, खिडकीजवळ, दार लावून पलंगाच्या कडेला बसा. एक पाय वर घ्या आणि हातआरसा समोर धरा. गुडघे दुखत असतील तर उशीला टेकून आडवं पडून पाहता येतं. पातळ ओठ बोटांनी अलगद बाजूला करा, मग योनी आणि गुदद्वार यांच्यामधली जागा पाहा, शेवटी गुदद्वाराभोवती.

लायकेन स्क्लेरोससमध्ये दिसतं ते साधारण असं. त्वचा पांढुरकी, पातळ आणि चुरगळलेल्या पतंगी कागदासारखी बारीक सुरकुतलेली असते. कधी हा पांढरेपणा योनीभोवती आणि गुदद्वाराभोवती मिळून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पसरतो. त्यावर लालसर-जांभळे रक्ताचे ठिपके असू शकतात, कारण त्वचा इतकी नाजूक झालेली असते की नुसत्या खाजवण्याने आत रक्त साकळतं. बारीक चिरा पडतात, त्यामुळे लघवी लागली की चुरचुरतं आणि शौचाला दुखतं. जुना आजार असेल तर पातळ ओठ झिजून बाहेरच्या ओठांना चिकटल्यासारखे होतात, शिश्निकेवरची टोपी मिटते, योनीचं तोंड आखडतं. "पूर्वी होतं ते आता दिसतच नाही," असं वाटलं तर तो वयाचा भाग म्हणून सोडून देऊ नका.

खाज रात्री वाढते, झोपमोड होते. पण खाज जवळजवळ नाही आणि त्वचा मात्र बदलत चालली आहे, असंही घडतं. म्हणून "आता खाजत नाही, म्हणजे बरं झालं" हा हिशेब इथे चालत नाही.

२. खाजेची इतर कारणं आणि ती कशी वेगळी दिसतात

निदान करणं डॉक्टरांचं काम. तरी फरक ठाऊक असला तर प्रश्न योग्य विचारता येतात.

पाळी गेल्यावरचा कोरडेपणा सर्वांत जास्त आढळतो. त्यात जळजळ, संबंधाच्या वेळी दुखणं आणि वरचेवर लघवीला लागणं जास्त असतं, खाज त्या मानाने कमी. त्वचा फिकट असते, पण पांढरे चट्टे नसतात. यावर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम उपयोगी पडतं. पण इस्ट्रोजेनने लायकेन स्क्लेरोसस बरा होत नाही. दोन्ही एकत्र असतील तर दोन्हीचे उपचार वेगवेगळे लागतात. स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर इस्ट्रोजेन सुरू करण्याआधी त्या डॉक्टरांना विचारावं लागतं.

आतली बुरशी, म्हणजे दह्यासारखं पांढरं जाणं आणि खाज, ही पाळी चालू असलेल्या वयात जास्त होते. पाळी गेल्यावर ती तशी कमी, आणि वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासायलाच हवी. मधुमेहाच्या काही गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही त्यांतली आपल्याकडे सर्रास दिली जाणारी नावं. तुमच्या गोळ्यांच्या पाकिटावर यातलं नाव असेल आणि गोळी सुरू झाल्यावरच खाज लागली असेल, तर तसं सांगा. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

नायटा किंवा गजकर्ण जांघेतून सुरू होतो. त्याची कडा गोल, उठावदार आणि खपलीची असते, आणि मधला भाग बरा झाल्यासारखा दिसतो. साडीच्या परकराची नाडी बसते तिथे कमरेवरही तसेच चट्टे आहेत का पाहा. घरात आणखी कुणाला असेल तर शंका बळावते.

साबण, सुगंधी वॉश, ओले टिश्यू, जंतुनाशक, रोजचं पॅड यांनी होणारा दाह वेगळा. लघवी थेंबथेंब सुटते म्हणून दिवसभर पॅड लावणाऱ्या बायकांत तो फार दिसतो. पॅडचा घाम, घासणं आणि लघवीचा ओलावा एकत्र येतात. लघवीचा हा सततचा संपर्क लायकेन स्क्लेरोससही वाढवतो, म्हणून लघवी सुटण्याची तक्रार लाजून गाळू नका. तिच्यावर उपचार झाल्याशिवाय मलमाचा पुरा गुण येत नाही.

वर्षानुवर्षं खाजवल्याने त्वचा जाड, चामड्यासारखी होते, तिच्यावरच्या रेघा ठळक होतात. हा खाज-खाजवणं-पुन्हा खाज असा फेरा असतो, आणि बहुतेकदा त्याच्या मुळाशी वरचंच काहीतरी कारण दडलेलं असतं. कोडात त्वचा पांढरी होते, पण मऊ राहते, सुरकुतत नाही, खाजत नाही. लायकेन प्लॅनस हा नावाने जवळचा पण वेगळा आजार. त्यात योनीच्या तोंडाशी आणि आतही लाल, सोलवटलेली, दुखरी जागा दिसते आणि बऱ्याचदा तोंडात, गालाच्या आतल्या बाजूला पांढरी जाळी किंवा सोलवटलेल्या हिरड्या असतात. म्हणून खालची तक्रार घेऊन गेलात आणि डॉक्टरांनी "तोंड उघडा" म्हटलं तर चकित होऊ नका.

शेवटचं कारण कॅन्सर किंवा त्याच्या आधीचे बदल. तिथे न भरणारी जखम, गाठ, खरखरीत जाड पांढरा पट्टा किंवा कायम ओलसर लाल चट्टा दिसतो. लायकेन स्क्लेरोसस उपचाराविना राहिला तर शंभरात पाचहून कमी बायकांना तिथल्या त्वचेचा कॅन्सर होतो. आकडा लहान आहे, पण तो नीट उपचार घेऊन आणखी खाली आणता येतो. ऑस्ट्रेलियात ५०७ बायकांवर नजर ठेवून केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ज्या ३५७ जणींनी मलम सांगितल्याप्रमाणे लावलं, त्यांपैकी एकीलाही कॅन्सर किंवा कॅन्सरपूर्व बदल झाला नाही. ज्या १५० जणींनी अधूनमधून लावलं, त्यांच्यापैकी ७ जणींना झाला.

३. मेडिकलच्या ट्यूबचा सापळा

यावर थोडं थांबायला हवं, कारण निदान लांबण्याचं आपल्याकडचं मोठं कारण हेच आहे. दुकानात "खाजेचं" म्हणून मिळणाऱ्या कित्येक क्रीममध्ये तीन औषधं एकत्र असतात: बुरशीचं, जंतूंचं आणि एक जोरदार स्टिरॉइड. नावापुढे "जीएम" सारखी अक्षरं असली तर तसंच समजा. अशी ट्यूब लावली की दोन-तीन दिवसांत खाज थांबते. बाईला वाटतं फंगसच होतं, औषध लागू पडलं. खरं तर खाज थांबवली ती स्टिरॉइडने. चार दिवसांनी ट्यूब बंद, दोन आठवड्यांत खाज परत, पुन्हा तीच ट्यूब.

लायकेन स्क्लेरोसस असेल तर अशा तुटक वापराने आजार आत चालूच राहतो. आणि खरोखर नायटा असेल तर स्टिरॉइडने त्याची लाली दबते, कडा पुसट होते, पण बुरशी पसरत राहते. मग अनुभवी डॉक्टरांनाही ओळखायला कठीण जातं. थोडक्यात, कोणत्या ट्यूबने आराम पडला यावरून आजार ओळखता येत नाही.

४. कधी जायचं, कुणाकडे जायचं

साधी खाज साबण आणि सुगंधी वस्तू बंद केल्यावर दोन-तीन आठवड्यांत निवायला हवी. तेवढ्यात निवली नाही, जाऊन परत आली किंवा रात्री झोपू देत नसेल तर जागा दाखवायची वेळ झाली. आरशात पांढरा चट्टा, चीर, रक्ताचा ठिपका दिसला तर तेवढीही वाट पाहायला नको. गाठ, न भरणारी जखम किंवा रक्त दिसलं तर त्याच आठवड्यात जा. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर अंगावर दिसलेलं रक्त त्वचेच्या चिरेतून आलं की गर्भाशयातून, हे घरी ठरवता येत नाही.

त्वचारोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ, दोघांपैकी कुणीही चालतं. सरकारी किंवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात जाणार असाल तर केसपेपर काढताना "त्वचारोग विभाग" सांगितलं तरी चालेल. स्त्री डॉक्टर हवी असेल तर खिडकीवरच विचारा. पुरुष डॉक्टर असतील तर तपासताना परिचारिका किंवा तुमच्यासोबतची बाई खोलीत असू द्या, असं मागणं हा तुमचा हक्क आहे. ब्रिटनमध्ये राहत असाल तर सुरुवात फॅमिली डॉक्टरकडून होते.

सोबत न्यायच्या गोष्टी:

- आजवर तिथे लावलेल्या सगळ्या ट्यूब, तेलं, पावडरी, वॉश. रिकाम्या ट्यूबही चालतील, नाव वाचता आलं म्हणजे झालं
- चालू गोळ्यांची पाकिटं, विशेषतः मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करण्याच्या
- साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिनचे शेवटचे रिपोर्ट
- आधी त्वचेचा तुकडा काढून तपासला असेल तर त्याचा रिपोर्ट
- एका कागदावर: खाज कधीपासून, रात्री किती वेळा जाग येते, लघवी सुटते का, शौचाला आणि संबंधाच्या वेळी दुखतं का, तोंडात काही आहे का, कुठल्याही औषधाची ॲलर्जी आहे का

जाण्याआधी केस काढू नका, आतून पाण्याने धुऊ नका, आणि त्या दिवशी मलम, तेल, पावडर लावू नका. स्टिरॉइड असलेली ट्यूब चालू असेल तर ती कधी शेवटची लावली ते सांगा. तुकडा काढायचा ठरला तर काही दिवस ती बंद ठेवायला सांगतात, नाहीतर आजाराच्या खुणा पुसट होतात आणि रिपोर्ट गोलमोल येतो.

५. तपासणीच्या खोलीत

बराच वेळ वाया जातो तो शब्द न सापडल्यामुळे. "अंगावरून जातंय" म्हटलं की डॉक्टर आतल्या संसर्गाकडे वळतात आणि न तपासताच गोळ्या लिहून मोकळे होतात. त्यापेक्षा सरळ म्हणा: "डॉक्टर, लघवीच्या जागेला बाहेरून सहा महिने खाज आहे, रात्री जास्त. तीन ट्यूब लावून झाल्या. जागा बघून सांगा." शेवटचं वाक्य गाळू नका. जागा न पाहता चौथी ट्यूब लिहून दिली जात असेल, तर ती विकत घेण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांकडे दाखवलेलं बरं.

तपासणी पाच-दहा मिनिटांची असते. तुम्ही पाठीवर झोपून गुडघे वाकवता, डॉक्टर चांगल्या दिव्यात ओठ, शिश्निकेची टोपी, योनीचं तोंड आणि गुदद्वाराभोवतीची त्वचा पाहतात. आत उपकरण घालायची गरज प्रत्येक वेळी नसते, आणि तोंड आखडलं असेल तर तसं आधीच सांगा. गरजेप्रमाणे नायट्यासाठी त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, स्राव असेल तर कापसाच्या काडीने नमुना घेतात, साखर आणि कधी थायरॉइड, लोह तपासतात.

तुकडा काढणं प्रत्येकीला लागत नाही. चित्र स्पष्ट असेल तर नुसतं पाहून उपचार सुरू करणं योग्यच आहे. गाठ, जखम, जाड चट्टा असेल, निदानाबद्दल शंका असेल, किंवा बारा आठवडे मलम नीट लावूनही फरक नसेल, तेव्हा तुकडा घ्यावा लागतो. भुलीचं इंजेक्शन देऊन ३-४ मिलिमीटरचा, साधारण मुगाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात. इंजेक्शनची बोच जाणवते, पुढचं नाही. एखादा टाका पडतो किंवा तोही नाही. दोन दिवस चुरचुरतं, लघवी करताना वरून कोमट पाणी ओतलं तर कमी झोंबतं. तुकडा काढल्याने आजार पसरतो, ही भीती निराधार आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मात्र आधी सांगाच. रिपोर्टची मूळ प्रत स्वतःकडे जपून ठेवा, पुढे दहा वर्षांनीही ती लागते.

६. मलम: किती, कुठे, किती दिवस

लायकेन स्क्लेरोससचा पहिला उपचार म्हणजे क्लोबेटासोल प्रोपिओनेट ०.०५ टक्के हे जोरदार स्टिरॉइड. आता कुणी म्हणेल, नुकतंच स्टिरॉइडच्या ट्यूबला नावं ठेवलीत आणि आता तेच लावायला सांगता? फरक असा की इथे निदान झालेलं आहे, औषध एकटंच आहे, मात्रा मोजलेली आहे आणि कालावधी ठरलेला आहे. खोक्यावर क्लोबेटासोलखेरीज दुसऱ्या औषधाचं नाव नको. आणि "क्रीम" नको, "ऑइंटमेंट" हवं. ऑइंटमेंट चिकट, व्हॅसलीनसारखं असतं, त्यात झोंबणारे घटक कमी असतात आणि ते जागेवर टिकतं. दुकानदार "दोन्ही एकच" म्हणून क्रीम देतात, तेव्हा खोकं वाचून घ्या.

ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत दिलेला आणि आपल्याकडेही वापरला जाणारा क्रम असा: पहिले ४ आठवडे रोज रात्री एकदा, पुढचे ४ आठवडे एक दिवस आड, त्यापुढचे ४ आठवडे आठवड्यातून दोनदा. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं चालवा.

मात्रेसाठी तर्जनीचं टोक वापरा. बोटाच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत ट्यूबमधून ओढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. एका वेळी तेवढं किंवा त्याच्या निम्मं पुरतं. आता हिशेब करून पाहा: २८ रात्री, मग १४, मग ८, मिळून ५० वेळा. दर वेळी अर्धा ग्रॅम म्हणजे २५ ग्रॅम. म्हणून १२ आठवड्यांना ३० ग्रॅमची एक किंवा १५ ग्रॅमच्या दोन ट्यूब पुरायला हव्यात. महिन्यातच ३० ग्रॅम संपले तर मलम फार लागतंय किंवा मांडीवर जातंय. तीन महिन्यांनी १५ ग्रॅमची पहिली ट्यूब निम्मीही संपलेली नसेल तर भीतीने कमी लागतंय, आणि हीच चूक जास्त होते.

लावण्याची रीत अशी. रात्री झोपताना कोमट पाण्याने धुवा, साबण नको, टॉवेलने न घासता टिपून घ्या. पहिल्या काही दिवसांत आरसा घेऊनच लावा, अंदाजाने लावलं की मलम चुकीच्या जागी जातं. पांढऱ्या त्वचेवर पातळ थर बोटाने अलगद जिरवा. शिश्निकेची टोपी आणि योनी-गुदद्वारामधली जागा हमखास विसरते. गुदद्वाराभोवती चट्टा असेल तर तिथेही लावा. योनीच्या आत आणि मांडीच्या आतल्या बाजूला लावायचं नाही, कारण तिथली निरोगी त्वचा पातळ होते आणि मांडीवर ताणाचे ओरखडे पडतात. मग हात धुवा. अर्ध्या तासाने वरून साधं व्हॅसलीन लावता येतं, दिवसाही आंघोळीनंतर आणि लघवीला गेल्यावर त्याचा थर दिला की लघवी झोंबत नाही. खोबरेल सोसत असेल तर तेही चालतं. सुगंधी तेलं आणि आयुर्वेदिक-हर्बल नावाची वॉश मात्र नकोत.

ट्यूबच्या आतला कागद वाचून पुष्कळ जणी चौथ्या दिवशी मलम सोडतात. त्यावर लिहिलेलं असतं: गुप्तांगाला लावू नये, दोन आठवड्यांपेक्षा जास्त वापरू नये. तो इशारा सरसकट सगळ्या वापरासाठी छापलेला असतो. या आजारात तिथली त्वचा आजारानेच पातळ आणि आखडलेली असते, आणि सूज काढल्यावर ती उलट सुधारते. घरातली मंडळी "स्टिरॉइड वाईट" म्हणतील. त्यांना चेहऱ्यावर वर्षभर चोळलेल्या क्रीमचं उदाहरण आठवत असतं, ते खरंही आहे, पण ती गोष्ट वेगळी.

फरक कशाचा आणि कधी दिसतो? खाज पहिल्या एक-दोन आठवड्यांत उतरू लागते. चिरा आणि रक्ताचे ठिपके त्यानंतर. त्वचेचा पोत मऊ व्हायला दोन-तीन महिने लागतात. रंग थोडा पांढरा कायम राहू शकतो, तो अपयश नाही. चिकटलेले ओठ मात्र मलमाने सुटत नाहीत, म्हणूनच लवकर सुरुवात करण्याला अर्थ आहे.

७. एक नमुना

समजा, ६३ वर्षांची बाई आहे. मधुमेह, थायरॉइडची गोळी चालू. दीड वर्ष खाज, तीन वेळा फंगसची ट्यूब, दर वेळी आठवडाभर आराम. शिंकताना लघवी सुटते म्हणून दिवसभर पॅड. तपासताना पातळ ओठांवर आणि खाली पांढरी सुरकुतलेली त्वचा, दोन रक्ताचे ठिपके, एक चीर. गाठ नाही, जाड चट्टा नाही, म्हणून तुकडा न काढता क्लोबेटासोल ऑइंटमेंट सुरू. पॅड बदलून सुती घड्या, साबणाऐवजी पाणी, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम.

सहाव्या दिवशी तिला जास्त जळजळ होते. इथे बहुतेक जणी मलम सोडतात. फोनवर विचारल्यावर कळतं की दुकानदाराने ऑइंटमेंटऐवजी क्रीम दिलं होतं. बदलल्यावर जळजळ थांबते. चौथ्या आठवड्यात ती रात्रभर झोपते, पण एक दिवस आड सुरू केल्यावर दही-पांढरं जाऊ लागतं आणि आतून खाजतं. हा आजार उलटला नाही. साखर वाढलेली आहे आणि वर बुरशी आली आहे. बुरशीवर पाच-सहा दिवसांचं औषध, साखरेची गोळी डॉक्टरांकडून पाहून घेणं, आणि मलम थांबवायचं की नाही ते विचारून ठरवणं. बाराव्या आठवड्यात चीर भरलेली, ठिपके गेलेले, त्वचा मऊ, खालच्या बाजूला थोडा पांढरेपणा शिल्लक. पण उजव्या बाजूला हरभऱ्याएवढा खरखरीत जाड भाग उरला असता, तर खाज गेलेली असूनही तुकडा काढायला लागला असता.

८. बारा आठवड्यांनंतर

हा आजार मधुमेहासारखा सांभाळायचा असतो, कायमचा पुसून टाकता येत नाही. तीन महिन्यांनी दाखवा, मग सहा महिन्यांनी, आणि सगळं शांत असेल तर वर्षातून एकदा. मधल्या काळात बहुतेक डॉक्टर आठवड्यातून एक-दोनदा मलम चालू ठेवायला सांगतात, कुणी खाज आली तरच. आमचा कल पहिल्या पद्धतीकडे आहे, कारण खाज हा इथे भरवशाचा साक्षीदार नाही. खाज उसळली तर काही दिवस रोज लावून पुन्हा खाली यायचं. वर्षाला ३० ते ६० ग्रॅमपेक्षा जास्त लागत असेल तर निदान किंवा लावण्याची रीत पुन्हा तपासून घ्या.

महिन्यातून एकदा आरसा. दिनदर्शिकेवर चतुर्थी-एकादशी पाहताच, त्यांतलाच एक दिवस धरला तर विसर पडत नाही. संबंधाच्या वेळी दुखत असेल तर वंगण, गरज असेल तर इस्ट्रोजेन, आणि आखडलेलं तोंड हळूहळू सैल करण्याची साधनं आहेत. शस्त्रक्रिया फार थोड्यांना लागते आणि आजार शांत झाल्यावरच करतात. लेसर किंवा स्वतःच्या रक्तातल्या द्रवाची इंजेक्शनं यांची जाहिरात शहरांतून जोरात चालते. मलमाऐवजी ती घ्यावीत असं म्हणण्याइतका पुरावा नाही, तेव्हा पैसे भरण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

पुढच्या भेटीची वाट न पाहता जायचं ते या खुणांवर: दोन आठवड्यांत न भरणारी जखम, नवी गाठ किंवा चामखिळीसारखी वाढ, खरखरीत जाड पांढरा भाग, वाढत जाणारं दुखणं, रक्त, लघवीची धार अडणं किंवा बारीक होणं. अपॉइंटमेंट घेताना "लायकेन स्क्लेरोसस आहे आणि नवीन जखम दिसली आहे" एवढं सांगा, म्हणजे तारीख लवकर मिळते.